पोट फुगतं, पण नेमकं कशाने?

पोटाला गुबारा धरतो म्हणून औषधाच्या दुकानात गेलं की दोन प्रकारच्या वस्तू समोर येतात. एक म्हणजे पाचक एन्झाइमचं सिरप किंवा गोळी, आणि दुसरी प्रीबायोटिक फायबरची पूड. दोन्ही एकाच फळीवर असतात, दोन्हींच्या वेष्टनावर पोटाला आराम मिळेल असं लिहिलेलं असतं आणि पुष्कळ जण दोन्ही एकदम घरी घेऊन येतात. वास्तविक या दोन वस्तूंचं काम एकमेकांच्या उलट आहे. एन्झाइम अन्नाला लहान आतड्यातच तोडतं, म्हणजे पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला त्यातलं कमी जातं. प्रीबायोटिक फायबर मात्र मुद्दाम न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं, जिवाणूंना ते खायला मिळावं म्हणूनच. आणि जिवाणूंनी खाल्लं की वायू होणारच. एक वस्तू वायू कमी करू बघते आणि दुसरी निदान पहिले काही दिवस तरी तो वाढवते. म्हणून कोणती बाटली चांगली हे विचारण्याआधी आपलं पोट कशाने फुगतं ते शोधावं लागतं. ते शोधणं वाटतं तितकं अवघड नाही.

समजा, चव्वेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका आहेत. त्यांना बाईच म्हणू. सकाळी पोट सपाट असतं. दुपारी दीडच्या सुमारास शाळेत डबा खातात आणि संध्याकाळी पाच-सहा वाजेपर्यंत पोट असं गच्च होतं की घरी आल्याआल्या परकराची नाडी सैल करावी लागते. वजन स्थिर आहे, भूक चांगली आहे, रात्री झोप लागते. दुकानदाराने सांगितलं म्हणून त्यांनी जेवणानंतर दोन चमचे एन्झाइमचं सिरप सुरू केलं. महिनाभर घेऊनही फरक पडला नाही. मग मैत्रिणीने सुचवलं म्हणून फायबरची पूड आणली, तर चार दिवसांत त्रास दुप्पट झाला. आपलं पचनच बिघडलंय असा निष्कर्ष त्यांनी काढला. पण त्यांचं पचन बिघडलेलंच नव्हतं.

आधी सिरपचं बघू. आपल्याकडे खपणाऱ्या बहुतेक पाचक सिरपांत फंगल डायस्टेस असतं आणि जोडीला पेप्सिन किंवा पपईच्या चिकापासून काढलेलं पपेन. डायस्टेसचा इतिहास मोठा लोभस आहे. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने तांदळाची साके बनवताना वापरतात त्या बुरशीपासून हे एन्झाइम वेगळं काढलं आणि १८९४ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. ते पिष्ट तोडतं, म्हणजे भात, भाकरी, पोळी, बटाटा यांतला स्टार्च. पेप्सिन आणि पपेन प्रथिनं तोडतात. अडचण अशी की निरोगी माणसाच्या लाळेत, जठरात आणि स्वादुपिंडात हीच एन्झाइमं मुबलक तयार होतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९७३ साली दाखवून दिलं की स्वादुपिंडातून येणारं मेद पचवणारं एन्झाइम नेहमीच्या दहा टक्क्यांच्याही खाली गेल्याशिवाय शौचावाटे तेल पडायला लागत नाही. इतका साठा शरीराने राखून ठेवलेला असतो. त्यात वरून दोन चमचे सिरप घालणं म्हणजे भर पावसात तुडुंब विहिरीत घागरभर पाणी ओतण्यासारखं आहे. शिवाय पेप्सिन तीव्र आम्लात चालतं, तर त्याच आम्लात डायस्टेस निकामी व्हायला लागतं. दोघं एका बाटलीत असली तरी त्यांना जागा वेगवेगळी लागते. जेवणानंतर सिरप घेतल्यावर काहींना बरं वाटतं हे खरं, पण त्यात ओवा, पुदिना असे इतर घटकही असतात, आणि जेवणानंतरचं जडपण तासाभरात आपोआपही उतरतं.

स्वादुपिंडाच्या एन्झाइमची ज्यांना खरोखर गरज असते त्यांची गोष्ट निराळी. स्वादुपिंडाला जुनी सूज असेल, त्याचा भाग शस्त्रक्रियेने काढलेला असेल, तर पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल देतात. प्रौढ माणसाला मुख्य जेवणासोबत लायपेजचे साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे, असा सुरुवातीचा डोस असतो. कॅप्सूल जेवतानाच घ्यायची, नंतर आठवली म्हणून नाही. ते डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं, ही गोष्ट रुग्णाला आधी सांगायला हवी आणि पुष्कळदा ती सांगितली जात नाही. हे डॉक्टरांनी तपासणी करून द्यायचं औषध आहे. शौचाचा नमुना घेऊन त्यात इलास्टेज किती आहे हे बघतात. नुसतं पोट फुगतं म्हणून हे कोणी आपल्या मनाने सुरू करू नये.

मग निरोगी पोटात कमी काय पडतं? मुख्यतः दोन एन्झाइमं. एक पुष्कळांच्या बाबतीत वयानुसार कमी होतं, आणि दुसरं माणसाच्या आतड्यात मुळी नसतंच.

पहिलं लॅक्टेज. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, हे तोडतं. तान्हेपणी ते भरपूर असतं, नंतर अनेक भारतीयांत ते ओसरत जातं. उत्तरेपेक्षा दक्षिणेकडे हे प्रमाण जास्त आढळतं. पण लॅक्टेज कमी म्हणजे दूध बंद, असा हिशोब नाही. एका पेल्यात, म्हणजे अडीचशे मिलिलिटर दुधात, साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं आणि लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी एवढं निभावतं, विशेषतः ते जेवणासोबत घेतलं तर. चहातल्या दोन-चार घोट दुधाने सहसा काही होत नाही. दह्यातले जिवाणू स्वतःचं लॅक्टेज सोबत घेऊन येतात, म्हणून दही, ताक बाधत नाही. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. बाधतात ते बासुंदी, खरवस, खवा असे आटवलेले किंवा भरपूर दुधाचे पदार्थ. त्रास बहुधा अर्ध्या ते दोन तासांत दिसतो: पोटात गुरगुर, फुगारा, कधी पातळ शौच. अशा माणसाला लॅक्टेजची गोळी खरंच उपयोगी पडते. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने त्यासाठी दर दुधाळ जेवणासोबत किमान ४,५०० युनिट ही मात्रा मान्य केली आहे. गोळी पहिल्या घासाबरोबर घ्यायची. जुलाबाच्या मोठ्या आजारानंतर काही आठवडे लॅक्टेज तात्पुरतं घटतं, त्या काळात दूध नकोसं होतं, आणि आतडं सावरलं की ते पुन्हा पचायला लागतं.

बाईंचं दूध म्हणजे दिवसातून दोनदा चहा. तिथे त्यांचं उत्तर नव्हतं.

दुसरं एन्झाइम अल्फा-गॅलॅक्टोसायडेज. कडधान्यांमध्ये रॅफिनोज, स्टॅकिओज अशा गुंतागुंतीच्या साखरा असतात. त्या तोडणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात तयारच होत नाही. लग्नात पंगतीला बसलेल्या प्रत्येकाच्या पोटात छोल्यातला हा भाग न पचताच पुढे जातो आणि मोठ्या आतड्यात जिवाणू त्याचा फडशा पाडतात. म्हणूनच कडधान्याचा वायू उशिरा धरतो, कारण अन्नाला लहान आतडं पार करून तिथवर पोचायला काही तास लागतात. बाईंचा डबा दीडला आणि गुबारा पाच-सहाला, हा अवधी त्या साखरांशी जुळतो.

त्यांनी दोन आठवडे वहीत साध्या नोंदी केल्या: डब्यात काय होतं, किती वाजता खाल्लं, पोट कधी आणि किती फुगलं, सकाळी पोट साफ झालं होतं का. नोंदीतून जे दिसलं ते त्यांना अनपेक्षित होतं. राजमा किंवा छोले नेले त्या दिवशी हमखास त्रास. मटकीच्या उसळीला थोडा. वालाच्या बिरड्याला जवळजवळ नाही. सगळी कडधान्यंच, मग फरक कुठून आला? कोरडी मटकी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की ते बी उगवण्यासाठी याच साखरा खर्च करतं. त्यासाठी लागणारं एन्झाइम बियांत असतं, आपल्यात नाही. बिरड्यासाठी वाल भिजतात, मोड येतात, मग सोलले जातात, आणि भिजवलेलं पाणीही फेकलं जातं. राजमा आणि छोले मात्र बहुतेक घरी नुसते भिजवून, पुष्कळदा त्याच पाण्यासकट, कुकरला लागतात. या साखरा पाण्यात विरघळतात. ते पाणी ओतून देऊन ताज्या पाण्यात शिजवलं तरी बराच भाग निघून जातो. बाईंना पहिला उपाय सापडला तो दुकानात नाही, स्वयंपाकघरात.

तरीही लग्नाकार्यात किंवा बाहेर छोले खायचे असतील तर गोळीची परीक्षा घेता येते. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली आठ निरोगी माणसांना ४२० ग्रॅम शिजवलेल्या घेवड्याच्या बिया खायला घालून ही परीक्षा घेतली होती. १,२०० युनिट दिल्यावर श्वासातला हायड्रोजन आणि वायूचा त्रास दोन्ही कमी झाले. ३०० युनिटांना तितकं जमलं नाही. आठ माणसांची चाचणी लहानच, पण तिचा निकाल एन्झाइमच्या कामाशी सुसंगत आहे. घरी परीक्षा घ्यायची तर सारखाच पदार्थ, सारखंच माप, एकदा गोळीसह आणि एकदा गोळीविना, असं दोन-तीनदा करून वहीत लिहावं. गोळी पहिल्या घासाला घ्यावी. जेवण संपल्यावर घेतली तर अन्न पुढे निघून गेलेलं असतं. गरम आमटीत चुरून घालू नये, कारण एन्झाइम हे प्रथिन आहे आणि उष्णतेने ते निकामी होतं. वेष्टनामागे युनिट छापलेले आहेत का हे जरूर बघावं. नुसते मिलिग्रॅम दिले असतील तर त्यावरून ताकद कळत नाही. एन्झाइमचं वजन महत्त्वाचं नसतं, त्याने किती काम होतं ते महत्त्वाचं असतं. पंधरा-सोळा एन्झाइमं एकाच कॅप्सूलमध्ये कोंबलेली असली की आपल्याला हवं ते त्यात नावापुरतंच असण्याची शक्यता जास्त.

इथे एक मर्यादा नीट समजून घ्यावी लागते. हे एन्झाइम कडधान्यांतल्या साखरांवर चालतं, कांदा, लसूण आणि गहू यांतल्या फ्रुक्टॅनवर नाही. ज्यांचं पोट कांदा-लसणाच्या वाटणाने किंवा चार पोळ्यांनी फुगतं त्यांना या गोळीने काही होणार नाही. आणि राजम्याच्या भाजीत कांदा-लसूण दोन्ही भरपूर असतात, त्यामुळे दोष कोणाचा हे कळायला एकदा कांद्याविना करून बघावी लागते. गॅलॅक्टोसेमिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी ही गोळी घेऊ नये, कारण साखर तुटून त्यातून गॅलॅक्टोजच सुटतो.

मधुमेही लोकांनी तर ही गोळी किंवा कुठलंही पाचक एन्झाइम घेण्याआधी आपली औषधं तपासावीत. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात, मेटफॉर्मिनसोबत एकत्र केलेल्या गोळ्यांतही त्या असतात. पिष्ट आणि साखर तोडणारी एन्झाइमं अडवून जेवणानंतरची साखर हळू चढू देणं हेच त्यांचं काम. जे पचलं नाही ते मोठ्या आतड्यात जातं आणि पोट फुगतं. कित्येक रुग्ण वर्षभर पाचक सिरप पितात, आणि त्रास मात्र साखरेच्या गोळीचा असतो. वरून एन्झाइम घेतलं तर त्या औषधाच्या कामातच अडथळा येऊ शकतो. डॉक्टरांना सांगितलं तर ते डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात.

आता फायबरची पूड. प्रीबायोटिक ही कल्पना ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी १९९५ साली मांडली: आपल्याला न पचणारं, पण मोठ्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना पोसणारं खाद्य. पुडीत बहुधा चिकोरीच्या मुळापासून काढलेलं इन्युलिन किंवा त्याचाच लहान प्रकार एफओएस असतो. इन्युलिन हा फ्रुक्टॅनच आहे, कांदा-लसणात असतो तोच. बाईंनी आणलेल्या पुडीच्या एका मापात १० ग्रॅम इन्युलिन होतं आणि ते त्यांनी पहिल्या दिवसापासून पूर्ण घेतलं. त्यांचं पोट फुगलं नसतं तरच नवल. इन्युलिन वाईट नाही; रोज १२ ग्रॅम घेतल्याने शौच नियमित व्हायला मदत होते, हा दावा युरोपात मान्य झालेला आहे. पण तो दावा शौचाचा आहे, गुबाऱ्याचा नाही. ज्यांचं आतडं मुळातच संवेदनशील आहे, म्हणजे ज्यांना डॉक्टर आयबीएस म्हणतात, त्यांना इन्युलिनने फुगारा वाढण्याचीच शक्यता जास्त.

मग फायबरने भलं कोणाचं होतं? ज्याचं पोट बद्धकोष्ठामुळे फुगतं त्याचं. हा गट मोठा आहे आणि त्याला स्वतःलाच पत्ता नसतो, कारण रोज जाऊन येणाराही पूर्ण मोकळा होत असेलच असं नाही. आतड्यात मळ साचून राहिला की पुढचा वायू अडतो. अशा माणसाला इसबगोलचा भुसा बरा, कारण तो पाणी धरून गिळगिळीत होतो, शौच मऊ करतो आणि जिवाणू त्याला फारसे आंबवत नाहीत. रात्री एक चमचा, मोठा पेलाभर पाण्यात, लगेच प्यावा आणि आठवड्याने गरजेप्रमाणे वाढवावा. कोरडा किंवा घोटभर पाण्यात घेतला तर घशात अडकू शकतो. थायरॉइडची किंवा इतर औषधाची गोळी त्याच्याबरोबर घेऊ नये, मध्ये काही तासांचं अंतर ठेवावं.

दुसरा पर्याय आपल्या ओळखीच्या गवारीपासून येतो. राजस्थानात पिकणाऱ्या गवारीच्या बियांचा डिंक एन्झाइमने बारीक तोडला की चव आणि चिकटपणा नसलेली विरघळणारी पूड मिळते. तिला अंशतः विघटित ग्वार गम म्हणतात. ती जिवाणूंना पोसते, पण सावकाश आंबते. इस्रायलमध्ये आयबीएसच्या रुग्णांना रोज ६ ग्रॅम, बारा आठवडे देऊन केलेल्या चाचणीत फुगारा आणि वायू डमी पुडीपेक्षा जास्त कमी झाला. कोणतीही पूड घेतली तरी ती पाव मापाने सुरू करावी, तीन-चार दिवसांनी थोडी वाढवावी, आणि चार ते सहा आठवड्यांत फरक दिसला नाही तर बंद करावी. या पुड्या कायद्याने अन्नपूरकांत मोडतात, आणि तशा वस्तूंच्या वेष्टनावर त्या औषधी वापरासाठी नाहीत असं छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. ते बारीक अक्षर वाचावं.

आणि काही पोटं अशी असतात की त्यात वायू जास्त नसतोच. आतड्याच्या संवेदना तीव्र असतात किंवा जेवणानंतर श्वासपटल खाली दबून पोट पुढे येतं. तिथे एन्झाइम आणि फायबर दोन्ही लागू पडत नाहीत, आणि त्यासाठी वेगळी मदत मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरचा सगळा खटाटोप त्या फुगाऱ्यासाठी आहे जो खाण्यानुसार येतो आणि जातो, सकाळी पोट सपाट करतो आणि वर्षानुवर्षं साधारण तसाच असतो. ज्याची सुरुवात नवी आहे, त्याला गोळीने झाकू नये. विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या बाईला पहिल्यांदाच पोट फुगायला लागलं, आठवड्यातून अनेकदा फुगलेलं राहिलं, दोन घासांत पोट भरू लागलं, ओटीपोटात दुखू लागलं किंवा लघवीला वारंवार जावं लागलं, तर बीजांडकोशाच्या कर्करोगाची शक्यता तपासावी लागते. सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी, एवढ्याने सुरुवात होते. या आजाराची लक्षणं इतकी साधी असतात की बायका महिनोन्महिने गॅसचं औषध घेत राहतात. घरातल्या माणसांनीही वय झालं की होतं असं म्हणू नये.

वजन आपोआप उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा ते काळं पडत असेल, हिमोग्लोबिन कमी निघालं असेल, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा दुखणं असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर डॉक्टरांकडे जावं. आपल्या देशात संध्याकाळचा ताप, घटतं वजन आणि फुगणारं पोट म्हटल्यावर पोटाचा क्षयरोगही बघावा लागतो. शौच तेलकट, तरंगणारं, दुर्गंधीचं आणि पाण्याने सहज न जाणारं झालं तर स्वादुपिंड तपासावं. पोट रोज थोडं मोठं होत जातंय, सकाळीही उतरत नाही आणि पायांना सूज आहे, तर आत पाणी साचत असेल, यकृत बघावं लागेल. पोट एकाएकी टम्म फुगलं, उलट्या सुरू झाल्या आणि वारा सरणंही बंद झालं, तर ते आतडं अडल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठावं.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची ती वही, घेत असलेल्या सगळ्या गोळ्या आणि दुकानातून आणलेल्या सिरप-पुड्यांची वेष्टनं सोबत न्यावीत. दुधाचा संशय असेल तर श्वासातला हायड्रोजन मोजण्याची तपासणी होते. ठरावीक लॅक्टोज प्यायल्यावर तो मूळच्या पातळीपेक्षा दशलक्षात २० भागांनी वाढला तर दूध पचत नाही असं धरतात. आणि गव्हाचा संशय असला तरी तपासणीआधी पोळी बंद करू नये. सिलिअॅक रोगाची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच खरं उत्तर देते. महिनाभर ज्वारीवर राहून मग रक्त दिलं तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.